लाल भुकटी आणि एसीची ब्रॅकेट

मागच्या उन्हाळ्यात मुखेडला आपाच्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा एसी बसवायचा होता. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली रहदारीची गल्ली. कारागीर आला, खिडकीतून वाकून बाहेरच्या भिंतीला ड्रिल लावलं. आधी करडी भुकटी निघाली, इंचभर आत गेल्यावर लाल. तो भोक पाडतच राहिला. आम्ही त्याला थांबवलं तेव्हा तो म्हणाला, "सर, ब्रॅकेट दीडशे किलोची आहे, काळजी करू नका."

ब्रॅकेट खरोखर तेवढ्या वजनाची असेल. पण दुकानदार सांगतो तो आकडा लोखंडाचा असतो, भिंतीचा नव्हे. करडी भुकटी गिलाव्याची होती आणि लाल भुकटी विटेची. शेवटपर्यंत करडीच भुकटी आली असती आणि ड्रिलला जोर लागला असता, तर समजायचं की बीम किंवा कॉलम लागला. भुकटी पांढरी आणि हलकी असेल, तर भिंत नव्या पद्धतीच्या हलक्या ब्लॉकची.

वजनाचा हिशेब आम्ही तिथंच कागदावर मांडला. दीड टनाचं बाहेरचं युनिट साधारण 30 ते 35 किलोचं असतं, नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. 34 किलो धरले तर प्रत्येक ब्रॅकेटवर 17 किलो. आता हे वजन भिंतीला चिकटून नसतं. मागून हवा खेळावी म्हणून जागा सोडतात, त्यामुळे वजनाचा मध्य भिंतीपासून सुमारे 27 सेंटीमीटर पुढे येतो. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर 30 सेंटीमीटर असेल, तर वरच्या बोल्टला बाहेर खेचणारी ओढ 17 गुणिले 27 भागिले 30, म्हणजे साधारण 15 किलो. खालचा बोल्ट भिंतीत दाबला जातो, वरचा उपसला जातो.

15 किलो काही फार नाही. पण गॅस भरायला आलेला 66 किलोचा माणूस त्याच युनिटवर पाय देऊन उभा राहिला, तर एकूण 100 किलो होतात आणि तीच ओढ 45 किलोवर जाते. तो एका कडेला उभा राहिला तर आणखी जास्त. शिवाय कंप्रेसरचा थरथराट महिनोन्‌महिने चालूच असतो.

आता बोल्ट. नेहमीचा फास्टनर भोकात फुगतो आणि बाजूंना दाबून धरतो. काँक्रीट तो दाब सोसतं, आपल्याकडची मऊ वीट मात्र आतून तडकते. बोल्ट आवळताना तो घट्ट न होता गोल गोल फिरू लागला, तर वीट फुटली असं समजावं. आखूड बोल्टची आणखी एक फसवणूक: 50 मिलिमीटरच्या बोल्टातले 20 मिलिमीटर गिलाव्यातच जातात, आणि गिलावा काही धरून ठेवत नाही. प्लास्टिकची गिट्टी तर घड्याळ टांगायला ठीक.

आपाच्या भिंतीत जवळपास बीम नव्हता. म्हणून भिंतीतून आरपार बोल्ट घातले आणि आतल्या बाजूला लोखंडी पट्टी लावून नट आवळले. आता वरचा बोल्ट निघायचा तर पट्टीला विटांचा मोठा भाग सोबत घेऊन यावं लागेल. भोकं बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवली आणि बाहेरून सील केली, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. बेडरूमच्या भिंतीवर दोन पट्ट्या दिसू लागल्या म्हणून आपा दोन दिवस नाराज होती, मग तिथं कपाट सरकवलं. आरपार बोल्ट शक्य नसेल तर जाळीच्या नळीत भरायचा केमिकल अँकर मिळतो. तो फुगत नाही, चिकटतो. मात्र भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने पूर्ण काढली नाही तर तो भिंतीऐवजी धुळीलाच चिकटतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या करोल बागेत वरच्या मजल्यावरचं बाहेरचं युनिट खाली स्कूटरवर बसलेल्या तरुणावर पडलं आणि तो दगावला. खालून जाणाऱ्याला वरची भिंत विटेची की काँक्रीटची, हे कुठून कळणार?

गंजाचं म्हणाल तर मुखेडची हवा कोकणासारखी खारी नाही. रत्नागिरीत किंवा मुंबईत किनाऱ्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकांनी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड जस्त चढवलेली ब्रॅकेटच घ्यावी. आपल्याकडे गंज सुरू होतो तो रंग उडालेल्या कापलेल्या कडेला, भोकाच्या तोंडाशी आणि साध्या नटांना. त्यात एसीच्या पाण्याचा पाइप नेमका ब्रॅकेटवर ठिबकत सोडलेला असतो. आपाच्या शेजारच्या जुन्या युनिटखाली गिलाव्यावर तपकिरी ओघळ उतरला होता आणि ब्रॅकेटचा रंग फुगून आला होता. फुगवट्यावर पेचकसाने टोचलं तर पापुद्रा निघाला. असं लोखंड पुन्हा रंगवू नये, बदलावं. त्यांनी युनिट उतरवून घेतलं तेव्हा वरचा एक बोल्ट हातानेच बाहेर आला, टोकाला लाल भुकटी लागलेली.