रिपोर्टमागचं गणित, भाग ६ : सेकंद वेगळे, आयएनआर एकच

मागच्या भागात आपण प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे पीटी पाहिला. आता समजा, हृदयाची झडप बदललेल्या, वॉरफरिन घेणाऱ्या बार्शीच्या एका बाईंचं रक्त एकाच सकाळी सोलापुरातल्या दोन लॅबमध्ये गेलं. एकीत पीटी आला ३१ सेकंद, दुसरीत २२. घरचे घाबरणारच. पण आयएनआर दोन्हीकडे २.६, आणि दोन्ही लॅब बरोबर!

रक्त गोठायला लावणारं थ्रोम्बोप्लास्टिन कुणी सशाच्या मेंदूच्या अर्कातून बनवतं, कुणी जनुकीय तंत्राने. प्रत्येकाची संवेदनशीलता निराळी, त्यामुळे सेकंदही निराळे. म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक सूत्र स्वीकारलं :

INR = (PT ÷ MNPT)^ISI

MNPT म्हणजे निरोगी माणसांच्या पीटीची सरासरी. ती लॅबने त्याच रिएजंटवर, त्याच मशीनवर किमान वीसेक जणांचं रक्त तपासून काढायची असते. ISI हा त्या रिएजंटच्या संवेदनशीलतेचा आकडा. तो १ च्या जवळ असेल तर रिएजंट संवेदनशील, जितका मोठा तितका मंद.

पहिल्या लॅबचा MNPT १२.५ आणि ISI १.०५. ३१ भागिले १२.५ म्हणजे २.४८, त्याचा १.०५ वा घात २.६. दुसरीकडे MNPT १२, ISI १.६. गुणोत्तर जेमतेम १.८३, पण घात मोठा, म्हणून तिथेही २.६.

गडबड होते ती या घातात. रिएजंटचा नवा लॉट आला, त्याच्या माहितीपत्रकावर ISI १.६ आहे, पण मशीनमध्ये जुन्या लॉटचा १.३ तसाच राहिला. त्याच २२ सेकंदांचा आयएनआर आता २.२ छापून येतो. डॉक्टर गोळी वाढवतात. रक्त मुळात पुरेसं पातळ होतं. MNPTही नव्याने न काढता ११ धरला, तर ISI १.६ असताना तेच रक्त ३.० दाखवतं. ISI जितका मोठा तितकी लहानशी चूकही फुगते, म्हणून १ च्या जवळचा रिएजंट महाग असला तरी मला तोच परवडणारा वाटतो.

आणखी एक चूक नळीत होते. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त खुणेपेक्षा कमी भरलं तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटाच वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर नळी फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण थंडीने फॅक्टर सात सक्रिय होऊन पीटी कमी येऊ शकतो. पीटीची नळी न उघडता साध्या, गार खोलीच्या तापमानात ठेवावी, बर्फात नाही.

रिपोर्टवर PT, MNPT आणि ISI हे तिन्ही आकडे छापलेले असतील, तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घात काढून आयएनआर स्वतः पडताळता येतो. तो जुळला तरी ISI चालू लॉटचाच आहे का, हे मात्र लॅबलाच विचारावं लागतं.