दोरा बांधला की दोन पुस्तकांचं एक

कपाटातल्या एका फळीवर सहा पुस्तकं लावायची आहेत: 'श्यामची आई', 'बनगरवाडी', 'कोसला', 'ययाति', 'बटाट्याची चाळ' आणि 'आहे मनोहर तरी'. अट एकच. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' आणि सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' ही दोन पुस्तकं शेजारीशेजारीच हवीत. मग फळी किती तऱ्हांनी लावता येईल?

आधी अट बाजूला ठेवू. डावीकडच्या पहिल्या जागेवर सहांपैकी कोणतंही पुस्तक चालेल. ते ठेवलं की दुसऱ्या जागेसाठी पाच उरतात, तिसऱ्यासाठी चार. म्हणून एकूण रचना ६ × ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे ७२०. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांतली चार आयुधं अदलाबदल करून किती मूर्ती होतील, असं त्यातलं एक उदाहरण. उत्तर ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. संध्येत घेतली जाणारी केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं याच चोवीस मूर्तींची.

आता अट लावू. ती दोन पुस्तकं एकत्र धरून त्यांना दोरा बांधा. गठ्ठा सुटणार नाही, म्हणजे मोजणीपुरतं ते एकच जाड पुस्तक झालं. फळीवर आता सहा नव्हे, पाच वस्तू आहेत: चार सुटी पुस्तकं आणि एक गठ्ठा. पाच वस्तूंच्या रचना ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे १२०.

पुष्कळजण इथेच थांबतात आणि उत्तर निम्मं येतं. कारण गठ्ठ्याच्या आतही एक निवड शिल्लक असते: 'चाळ' डावीकडे की उजवीकडे? बाकीची फळी जशीच्या तशी ठेवून फक्त गठ्ठा उलटा केला तरी नवी रचना तयार होते. म्हणून १२० ला २ ने गुणायचं. उत्तर २४०.

हे उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळता येतं. 'चाळ' फळीच्या टोकाला असेल तर तिला शेजार एकाच बाजूला असतो, मधल्या चार जागांपैकी कुठेही असेल तर दोन्ही बाजूंना. म्हणजे या जोडीला बसवण्याचे प्रकार दोन टोकांचे २ आणि मधल्या चार जागांचे ८, मिळून १०. उरलेली चार पुस्तकं उरलेल्या जागांवर २४ तऱ्हांनी बसतात. १० × २४ = २४०. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या.

७२० पैकी २४० म्हणजे बरोबर एक तृतीयांश. पुस्तकं डोळे मिटून लावली तरी तीन वेळांत सरासरी एकदा ही जोडी शेजारी येईल. पुस्तकांची संख्या कितीही असली तरी हा वाटा २ भागिले पुस्तकांची संख्या एवढाच असतो. दहा पुस्तकं असतील तर एक पंचमांश. आणि ती दोन पुस्तकं शेजारी नकोच असतील तर नव्याने मोजायची गरज नाही. ७२० मधून २४० वजा करा, ४८० उरतात.

मात्र दोनाने गुणणं हा डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे. ती दोन पुस्तकं एकाच ग्रंथाचे खंड असतील आणि पहिला खंड डावीकडेच हवा असेल, तर गठ्ठा उलटता येत नाही. तिथे उत्तर १२० च.

खरी फसगत तिसरं पुस्तक आलं की होते. समजा, 'आहे मनोहर तरी'च्या एका बाजूला 'चाळ' आणि दुसऱ्या बाजूला 'कोसला' हवं. दोन जोड्या दिसतात, म्हणून दोन गठ्ठे बांधून प्रत्येकासाठी २ ने गुणावंसं वाटतं. पण एकच पुस्तक दोन गठ्ठ्यांत कसं राहील? इथे तिघांचा एकच गठ्ठा होतो आणि 'आहे मनोहर तरी' मध्ये अडकतं. तीन सुटी पुस्तकं आणि हा गठ्ठा अशा चार वस्तूंच्या रचना २४. आत फक्त टोकांची अदलाबदल, म्हणजे २ प्रकार. उत्तर ४८. याउलट दुसरी जोडी 'कोसला' आणि 'बनगरवाडी' अशी वेगळ्या पुस्तकांची असती, तर दोन गठ्ठे आणि दोन सुटी पुस्तकं मिळून २४, आणि प्रत्येक गठ्ठ्याचे २ प्रकार: २४ × २ × २ = ९६.

शंका आली तर मांडणी लहान करून हाताने लिहून पाहावी. क, ख, ग, घ ही चार पुस्तकं घ्या आणि 'ख'च्या दोन्ही बाजूंना क आणि ग हवेत असं ठरवा. लिहायला बसलात की कखगघ, घकखग, गखकघ, घगखक एवढ्याच रचना सापडतात. सूत्रही तेच सांगतं: गठ्ठा आणि घ यांच्या २ रचना, आतले २ प्रकार, एकूण ४. कोणी दोन वेळा दोनाने गुणून ८ म्हटलं, तर उरलेल्या चार रचना त्याला फळीवर मांडून दाखवता येणार नाहीत.