पहिल्या दवाखान्याचा कागद

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. सर्पदंशाने झालेला मृत्यूही यात येतो. रस्त्यावरच्या अपघाताची पोलिसांत नोंद असावी लागते, पण साप चावणे किंवा झाडावरून पडणे अशा घटनांत ताबडतोब झालेली रुग्णालयातली नोंद पुरावा म्हणून लागते. त्यातला ‘ताबडतोब’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

समजा, पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या शेतकऱ्याला मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाने फारसे दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही कित्येकदा दिसत नाहीत. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, तेव्हा घरचे त्याला ग्रामीण रुग्णालयात नेतात. तिथे सर्पविषावरची लस टोचतात आणि श्वास अडू लागल्यावर त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवतात. दुसऱ्या दिवशी तो तिथे दगावतो.

पुढे कागद मागायची वेळ आली की घरचे जिल्हा रुग्णालयात जातात, कारण मृत्यू तिथे झाला. पण तिथल्या कागदावर अनेकदा श्वसन बंद पडल्याचेच ठळक असते. साप कोणी पाहिला, रुग्ण किती वाजता आणला, पापण्या कधी पडल्या, लस किती दिली, हे सगळे पहिल्या रुग्णालयाच्या केसपेपरवर असते. साप कोणी पाहिलेला नसेल तर तिथे नुसते ‘अननोन बाईट’ लिहिलेले सापडते. एवढ्याने खचून जाऊ नये. त्याच पानावर पडलेल्या पापण्या आणि दिलेली लस यांची नोंद असेल, तर डॉक्टरांनी सर्पदंश मानूनच उपचार केले हे त्यावरून दिसते. म्हणून मला वाटते, पहिला अर्ज पहिल्या रुग्णालयालाच द्यावा आणि त्यात हवे ते कागद नावानिशी मागावेत. ‘सर्व कागद द्यावेत’ असे लिहिले की हातात बहुधा एक पानी दाखला पडतो.

अर्ज साधारण असा असावा:

‘मा. वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय यांस. विषय: अपघात विम्याच्या दाव्यासाठी उपचाराच्या नोंदींच्या साक्षांकित प्रती मिळणेबाबत. माझे पती (पूर्ण नाव, वय, गाव) यांना दि. … रोजी पहाटे … वाजता सर्पदंशामुळे आपल्या रुग्णालयात आणले होते. केसपेपर क्रमांक … . मी त्यांची पत्नी असून विम्यात वारस म्हणून माझी नोंद आहे. कृपया आपत्कालीन विभागातील पहिली नोंद, उपचारपत्रक, लस दिल्याची नोंद, पोलिसांना दिलेली एम.एल.सी. सूचना आणि जिल्हा रुग्णालयास दिलेली संदर्भचिठ्ठी यांच्या प्रती प्रत्येक पानावर सही-शिक्क्यासह द्याव्यात. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.’

सोबत मृत्यूचा दाखला, स्वतःचे आधार आणि वारस म्हणून नाव असलेला विम्याचा किंवा बँकेचा कागद जोडावा. केसपेपर हरवला असेल तर तारीख आणि वेळ नीट लिहावी. नोंदवही तारखेवार असते, त्यामुळे क्रमांक तिथून सापडतो.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातलगाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात, आणि हे तास पोच मिळाल्यापासून मोजता येतात. तोंडी विनंतीला असा काही आधार उरत नाही. दाखल रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्यात, असेही हेच नियम सांगतात. तेव्हा दोन-तीन वर्षे गेल्यावर मागणे धोक्याचे आहे. ‘एम.एल.सी. पोलिसांकडून घ्या’ असे उत्तर मिळाले तर तेच अर्जावर लिहून मागावे, आणि बाकीचे कागद तेवढ्यासाठी अडवू देऊ नयेत.

घाईचे खरे कारण आहे दाव्याची मुदत. दावा-अर्ज घटनेपासून ३० दिवसांत बँकेच्या शाखेत द्यायचा असतो. शवविच्छेदनात व्हिसेरा राखून ठेवला असेल, तर अंतिम अहवालाला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागू शकतो. त्यासाठी दावा अडकवू नये. असतील ते कागद आणि बाकीच्यांसाठी केलेल्या अर्जांची पोच जोडून तो मुदतीत द्यावा, उरलेले मागाहून द्यावेत.

प्रती हाती आल्या की खिडकीपाशीच उभे राहून वाचाव्यात. नाव, वय, तारीख, चावल्याची वेळ ही माहिती दोन्ही रुग्णालयांच्या कागदांवर जुळते का ते पाहावे. ग्रामीण रुग्णालयात ‘रामा’ आणि जिल्ह्यात ‘रामचंद्र’ असे झाले असेल, तर जुन्या नोंदीत खाडाखोड करायला सांगू नये. खाडाखोड दिसली की विमा कंपनीला संशय येतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे तारीख आणि सही-शिक्का असलेले वेगळे पत्र वैद्यकीय अधीक्षकांकडून घ्यावे आणि ते केसपेपरच्या प्रतीला जोडून बँकेत द्यावे.