खजिनदार काकूंचा आवाज पोचेना

आमच्या सोसायटीच्या कमिटीची सभा होती. विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा, समोर तीन कोटेशनं. अध्यक्ष मुलीकडे नागपूरला गेले होते, म्हणून त्यांना फोन लावून स्पीकर चालू केला. फोन सेक्रेटरींचा. बॅटरी कमी होती, चार्जरची वायर आखूड, त्यामुळे तो भिंतीजवळच्या टोकाला, त्यांच्याच समोर राहिला. खजिनदार काकू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फाईल उघडून बसल्या होत्या. त्यांनी शिल्लक वाचून दाखवली, तेव्हा फोनमधून विचारणा झाली, "सत्तावन्न हजार की सत्त्याण्णव हजार?" काकूंनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं सांगितलं. शेवटी त्यांनी फाईल मिटली आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो." त्यानंतर सभा संपेपर्यंत त्या बोलल्याच नाहीत. सगळे आकडे ज्यांना पाठ होते, त्याच गप्प झाल्या, ही गोष्ट मला फार लागली.

खोलीत आम्हा सगळ्यांना काकू नीट ऐकू येत होत्या. मग नागपूरला का नाही? आपल्याला दोन कान आहेत, आणि समोरच्या माणसाचा थेट आवाज कोणता आणि भिंतींवरून घुमून आलेला कोणता, हे मेंदू बऱ्यापैकी वेगळं काढतो. फोन मात्र हे सगळं एकत्र करून एकाच धाग्यात पाठवतो. पलीकडच्याला ती निवड करता येत नाही. म्हणून "आम्हाला तर ऐकू येतंय" या बोलण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

खरा हिशेब अंतराचा आहे. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. त्या दिवशी सेक्रेटरींचं तोंड फोनपासून दीड फुटावर होतं आणि काकूंचं सहा फुटांवर. अंतर चौपट, म्हणजे दोघं सारख्याच आवाजात बोलले तरी काकूंचा थेट आवाज सोळावा हिस्सा. त्या मोठ्यानं बोलल्या तरी ही तूट भरून निघण्यासारखी नव्हती. शिवाय घुमणारा आवाज खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो, तो अंतरानं फारसा कमी होत नाही. आमची खोली साधारण पंधरा फूट बाय बारा फूट, फरशी टाइल्सची, भिंती उघड्या, पडदे नाहीत. अशा खोलीत तोंडापासून दोनेक फुटांवरच घुमणारा आवाज थेट आवाजाच्या बरोबरीला येतो, आणि त्यापुढे तोच वरचढ ठरतो. फोन आपणहून आवाज चढवतो खरा, पण त्याबरोबर घुमणंही चढतं. मागच्या अक्षराचा घुमार पुढच्या अक्षरावर पडतो आणि त, स, क अशी बारीक अक्षरं त्याखाली दबतात. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव यांतला फरक तिथेच हरवला.

म्हणजे फोन टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवला की झालं? आमचं टेबल सहा फूट बाय तीन फूट. मधोमध ठेवला तरी टोकाला बसलेल्याचं तोंड फोनपासून चार फुटांच्या पुढेच राहतं. माझं मत असं झालं आहे की फोन हलवण्याआधी माणसं हलवावीत. टेबलाची दोन्ही टोकं रिकामी सोडायची, लांब बाजूंना समोरासमोर बसायचं, खुर्च्या आत ओढायच्या आणि फोन मध्ये ठेवायचा. मग त्याला हळू बोलणाऱ्याच्या बाजूला वीतभर सरकवायचं. ज्यांचा आवाज खणखणीत आहे ते साडेतीन फुटांवर असले तरी चालतात. ज्यांचा आवाज बारीक आहे, त्यांना पुढे झुकल्यावर दोन फुटांत फोन सापडला पाहिजे. सगळे मिळून आठ-दहा जण असतील तर एका फोननं हे जमत नाही. अशा वेळी बोलणाऱ्यानं फोनजवळच्या खुर्चीत येऊन बोलावं, हे सरळ. त्याच खोलीतून दुसरा फोन त्याच कॉलला जोडला, तर एकच आवाज दोन वाटांनी, किंचित मागेपुढे जातो आणि घोटाळा वाढतो.

फोन उभा करून पुस्तकाला टेकवू नये. तो टेबलावर सपाट असतो तेव्हा माईक पृष्ठभागाला जवळजवळ चिकटलेला असतो. थेट आलेला आवाज आणि टेबलावरून परतलेला आवाज एकाच वेळी पोचतात आणि एकमेकांना जोर देतात. माईक वीतभर वर गेला की परतलेला आवाज किंचित उशिरा पोचतो. त्यामुळे बोलण्यातले काही सूर खोडले जातात आणि आवाज पोकळ लागतो. फोन पेल्यात ठेवण्याची युक्तीही इथे उलटते. पेला बाहेर येणारा आवाज मोठा करतो, पण माईक त्यात बुडतो.

सपाट ठेवण्याची एक अडचण आहे. टेबलावर ठेवलेला कप, टिचकी, पेनाची टकटक हे सगळं लाकडातून थेट माईकला जातं. त्यासाठी सुती रुमालाची चौपदरी घडी फोनखाली घालावी. घडी फोनपेक्षा थोडी लहान हवी, म्हणजे कडेची भोकं झाकली जाणार नाहीत. बहुतेक फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला असतो, शिवाय एक वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याजवळ. स्पीकर चालू असताना त्यांपैकी कोणता वापरात आहे, हे फोनगणिक बदलतं. ते शोधायला एक मिनिट पुरतं. कुणाला तरी फोन लावून स्पीकर चालू करायचा, मग खालच्या कडेशी, वरच्या कडेशी आणि कॅमेऱ्याजवळ बोटानं हलकेच घासायचं. कुठे खरखर सर्वांत मोठी येते ते पलीकडचा सांगेल. ती कड हळू बोलणाऱ्याकडे करायची. आणि फोन पंख्याच्या थेट खाली नको, कारण वाऱ्याचा झोत माईकवर आदळला की बोलण्याखाली सतत घरघर राहते.

आवाजाच्या बटणाकडेही लक्ष हवं. फोनचा स्वतःचा स्पीकर माईकपासून काही इंचांवर असतो. पलीकडच्याचा आवाज त्यालाच परत जाऊ नये म्हणून, तो बोलत असताना फोन आपल्या बाजूचा आवाज दाबतो. स्पीकर जितका मोठा, तितका हा दाब जास्त. पलीकडून "सुरुवातीचे शब्द तुटतायत" अशी तक्रार आली, तर स्पीकरचा आवाज दोन पायऱ्या उतरवायचा. सगळे जवळ बसलेले असले की तो उतरवता येतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला, तर मात्र दोष अंतराचा.

पुढच्या महिन्यात फोन आधीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता. सभेआधी मी दुसरा फोन आणि इअरफोन घेऊन जिन्यात उभा राहिलो, आणि आत प्रत्येकानं आपापल्या खुर्चीतून एकच आकडा वाचला. काकूंचा आवाज अजून किंचित घुमत होता. फोन त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला आणि मागच्या दाराला सतरंजी टांगली, तेव्हा तो स्वच्छ आला. सभेत काकूंनी शिल्लक वाचली, मग तिन्ही कोटेशनं ओळीनं वाचली. नागपूरहून अध्यक्ष म्हणाले, "लिहून घेतलं. दुसऱ्या कोटेशनमध्ये दोराची किंमत धरली आहे का?" काकूंनी फाईलचं पान उलटलं आणि फोनकडे किंचित झुकून म्हणाल्या, "नाही धरलेली. तेच मी मागच्या वेळी सांगत होते."