फ्रेंच-स्पॅनिश कौतुकातले स्त्रीलिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : कौतुकाच्या छोट्या वाक्यात विशेषणाचे लिंग चुकले तर फक्त व्याकरण चुकते, अर्थ पोहोचतोच.

वस्तुस्थिती : हा समज वारंवार ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. मराठीत ‘चांगला’चे ‘चांगली’ केले की फक्त लिंग बदलते. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये काही विशेषणांचे स्त्रीलिंगी रूप एखाद्या बाईला उद्देशून वापरले की अर्थच बदलतो, आणि कौतुकाची अश्लील शेरेबाजी होते.

एका जेवणाचे उदाहरण घेऊ. यजमानीण बाईंनी सूप वाढले आहे आणि पाहुण्याला ते आवडले आहे. सूप दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी. ‘सूप रुचकर आहे’ यासाठी स्पॅनिशमध्ये ‘ला सोपा एस्ता रिका’ म्हणतात. यात सूपाचे नाव घेतलेले आहे, म्हणून ‘रिका’ हे स्त्रीलिंगी रूप योग्यच. नाव न घेता नुसती दाद द्यायची असेल, तर पदार्थ कुठल्याही लिंगाचा असो, ‘के रिको!’ म्हणावे. पण बाईंकडे पाहून नुसते ‘के रिका!’ म्हटले, तर ते सूपाचे नव्हे, त्यांच्या शरीराचे वर्णन ठरू शकते. ‘एस्तास ब्वेना’चेही तेच. शब्दशः ते ‘तू चांगली आहेस’ असे वाटते, पण ऐकणारीला ‘मादक दिसतेस’ असे ऐकू येते. चांगल्या स्वभावासाठी ‘एरेस ब्वेना’, म्हणजे वेगळे क्रियापद लागते.

फ्रेंचमधला सापळा उच्चारात आहे. ‘चांगला’साठी पुल्लिंगी रूप ‘बों’. त्यातला न स्वतंत्र उच्चारत नाहीत, तो नाकातून स्वरातच मिसळतो. स्त्रीलिंगी रूप ‘बॉन’. त्यात न स्पष्ट ऐकू येतो. मराठी जीभ लिहिलेला न सहज उच्चारते, त्यामुळे ‘बों’ म्हणायचे मनात असूनही तोंडून ‘बॉन’ निघते. पदार्थाला ‘से बों’ म्हणावे. ‘हे’ या अर्थाच्या त्या सर्वनामामागे विशेषण नेहमी पुल्लिंगीच येते, मग समोर स्त्रीलिंगी सूप का असेना. बाईंना मात्र ‘त्यु ए बॉन’ म्हटले, तर रोजच्या बोलीत त्याचा अर्थ लैंगिक आकर्षणाकडे जातो. ‘गणितात चांगली’ असा विषय जोडला, तर तेच ‘बॉन’ निर्दोष असते.

स्पॅनिशमधल्या घोळाचे एक कारण थेट मराठीत आहे. ‘मुलगा’, ‘घोडा’, ‘चांगला’ यांमुळे शेवटचा ‘आ’ मराठी कानाला पुल्लिंगी वाटतो. स्पॅनिशमध्ये तो बहुधा स्त्रीलिंगाची खूण असतो. 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे असलेल्या वसईला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. स्पॅनिशची सख्खी बहीण असलेल्या पोर्तुगीज भाषेत ‘बताता’ स्त्रीलिंगी आहे. मराठीत तिचा ‘तो बटाटा’ झाला. वसई-विरारच्या विद्यार्थ्याने देवनागरीत ‘ग्वापा’ टिपून ठेवले आणि पुरुषाला ‘देखणा’ म्हणून ऐकवले, तर तो पुरुषाला ‘देखणी’ म्हणत असतो. त्याला हवे ते रूप ‘ग्वापो’.

यातून सुटायचा खात्रीचा मार्ग म्हणजे माणसाला विशेषण न लावता त्याच्या कामाचे कौतुक करणे. फ्रेंचमध्ये आदराने ‘वू क्विझिने ब्यें’, स्पॅनिशमध्ये ‘कोसिना मुय ब्येन’, म्हणजे ‘तुम्ही स्वयंपाक छान करता’. यातले ‘ब्यें’ आणि ‘ब्येन’ क्रियाविशेषणे आहेत, ती लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. या दोन वाक्यांना बाई-पुरुष, लहान-थोर कुणापुढेही धोका नाही.

आता इतर गैरसमज थोडक्यात.

‘पुरुषाला चालणारी स्तुती स्त्रीलिंग करून बाईला चालते.’ चालत नाही. स्पॅनिशमध्ये ‘सोर्रो’, म्हणजे कोल्हा, पुरुषाला धूर्त ठरवतो; ‘सोर्रा’ ही बाईला वेश्या म्हणणारी शिवी आहे. सार्वजनिक जीवनातल्या पुरुषाला ‘ओंब्रे पुब्लिको’ म्हणतात. ‘मुखेर पुब्लिका’चा वेश्या हा अर्थ स्पॅनिश राजअकादमीच्या कोशात नोंदलेला आहे. फ्रेंच ‘आँत्रेनर’ म्हणजे क्रीडा प्रशिक्षक. त्याच्या स्त्रीलिंगी रूपाचा एक जुना अर्थ गिऱ्हाइकांना दारू प्यायला लावणारी बारमधली बाई असा आहे.

‘बाईला पुल्लिंगी लाडाचा शब्द वापरणे चूक.’ चूक नाही. फ्रेंच ‘मों आमूर’ आणि स्पॅनिश ‘मि आमोर’ दोघांनाही चालतात, कारण प्रेम या नामाचे लिंग ठरलेले आहे.

‘पुरुषाला ब्वेना पेर्सोना म्हणता येत नाही.’ म्हणता येते. ‘पेर्सोना’, म्हणजे व्यक्ती, हे नामच स्त्रीलिंगी आहे आणि विशेषण त्या नामाप्रमाणे चालते.

‘भेटून आनंद झाला, या अर्थाचे एन्कान्तादो समोरच्याप्रमाणे बदलते.’ नाही. ते बोलणाऱ्याप्रमाणे बदलते. बाई बोलत असेल तर समोर कुणीही असो, ती ‘एन्कान्तादा’च म्हणते.