वाटीशेजारचा खळगा

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या पन्नाशीच्या एक बाई गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. जिना उतरताना डावा गुडघा दगा देतो, ही तक्रार. "वाटी दाबून बघितली, पाणी नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. एक्स-रेही ठीक होता. मी त्यांना पाय सरळ सोडून झोपायला सांगितलं आणि मांडी अगदी सैल सोडायला लावली, कारण मांडीचा स्नायू ताठ असला की पुढची तपासणी वायाच जाते.

सरळ पायाच्या गुडघ्यात वाटीच्या आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, एक उथळ खळगा दिसतो. उजवीकडे तो स्पष्ट होता. डावीकडेही होता, पण किंचित बुजल्यासारखा. एवढ्यावरून काही ठरत नाही. अंगाने भरलेल्या माणसाच्या चरबीनेही खळगा बुजतो.

गुडघ्याचा सांधा एका पिशवीत बंद असतो. पिशवीला आतून पातळ अस्तर असतं आणि ते वंगण पाझरतं. निरोगी गुडघ्यात हे वंगण जेमतेम तीन-चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही इतकं. पिशवी मात्र त्या मानाने फार मोठी आणि सैल असते. वाटीच्या वर, मांडीच्या स्नायूखाली ती सुमारे चार बोटं चढते आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना पन्हळीसारखी खाली उतरते. गुडघा पूर्ण वाकवता यावा म्हणून शरीराने ठेवलेली ही जादा घडी आहे. पाय सरळ असताना ती रिकामी, मिटलेली असते. सांध्यात पाणी वाढलं की ते आधी या सैल जागांमध्ये जातं.

वाटी दाबण्याची तपासणी यावरच बेतलेली आहे. एका हाताने वरचा कप्पा दाबून त्यातलं पाणी वाटीखाली ढकलायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी झटकन खाली दाबायची. खाली पुरेसं पाणी असेल तर तरंगणारी वाटी हाडावर टक् करून आपटते. पण दोन चमचे पाण्यावर वाटी तरंगत नाही. त्या बाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

थोडं पाणी शोधायचं तर ते उचलण्यापेक्षा सरकवावं. मी तळहाताने आतल्या खळग्यावरून, सांध्याच्या रेषेपासून वर मांडीकडे, दोन-तीनदा सावकाश निपटत नेलं. खळगा उजव्या गुडघ्याइतका खोल झाला. मग लगेच बाहेरच्या बाजूने वरून खाली तसाच हात फिरवला आणि नजर आतल्या खळग्यावर ठेवली. तिथे त्वचेखाली एक छोटी लाट उमटली आणि खळगा पुन्हा भरला. उजवीकडे हेच केलं तर काहीच हललं नाही. खिडकीचा तिरपा उजेड असला की ही लाट फार छान दिसते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली हुकते. चार ते आठ मिलिलिटर जादा पाणीसुद्धा अशा तऱ्हेने सापडू शकतं.

पाणी जास्त असेल तर बाहेरून हात फिरवण्याआधीच, आपणहून, खळगा भरतो. आणि गुडघा तट्ट फुगलेला असेल तर पाणी हलायलाच जागा उरत नाही, लाट दिसत नाही. अशा गुडघ्याला या तपासणीवरून "पाणी नाही" म्हणणं ही मोठी चूक ठरते.

दुसरी गफलत बर्साची. कातडी किंवा स्नायुबंध हाडावर घासू नयेत म्हणून गुडघ्याभोवती अशा अनेक लहान पिशव्या असतात. वाटीच्या अगदी पुढची पिशवी तासन्‌तास गुडघ्यांवर बसून फरशी बसवणाऱ्या कारागिरांमध्ये सुजते. तेव्हा फुगवटा वाटीच्या वर बसलेला असतो, बोटांना वाटीची कड नीट लागत नाही, पण दोन्ही बाजूंचे खळगे शाबूत राहतात. सांध्यात पाणी असेल तर उलट: वाटी स्वच्छ लागते, खळगे बुजतात. पुढच्या या पिशवीचा सांध्याशी संबंध नसतो, म्हणून तिच्यात पू झाला असेल तर तिच्यातून सुई सांध्यात जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. गुडघ्यामागची एक पिशवी मात्र पुष्कळांत सांध्याशी जोडलेली असते. सांध्यातलं पाणी तिच्यात उतरून मागे गाठ येते. ती फुटली तर पोटरी अशी सुजते की शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी असंच वाटतं, आणि ती शंका सोनोग्राफीनेच फिटते.

लाट फक्त पाणी आहे एवढंच सांगते, कशाचं ते सांगत नाही. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासावं लागतं. बाईंना यातलं काही नव्हतं. पण सांध्याच्या आत काहीतरी डिवचलं जातंय, हे लाटेने दाखवलं होतं, म्हणून मी एमआरआय करायला सांगितला. आतल्या बाजूच्या गादीला झिजून पडलेली फाट निघाली. शस्त्रक्रिया न करता उकिडवं बसणं बंद केलं, मांडीचे व्यायाम सुरू केले. सात आठवड्यांनी खिडकीजवळच्या त्याच पलंगावर मी पुन्हा हात फिरवला. खळगा उघडाच राहिला.