दार लोटलेलं, कडी नाही

ठाण्यातलं वन बीएचके. ती रोज लोकलने फोर्टातल्या ऑफिसात जाते, तो घरून काम करतो. संध्याकाळी सव्वासातला ती दारात चपला काढते, तेव्हा दिवसभराच्या माणसांनी तिचं डोकं भणभणलेलं असतं. तो मात्र सकाळपासून कुणाशी धड बोललेला नसतो. तिला गप्प बसायचं असतं, नेमकं त्याच मिनिटाला त्याला तोंड फुटतं.

एकदा वैतागून माझ्या या मैत्रिणीने स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत व्हॉट्सॲप केलं, ‘मला थोडी स्पेस हवी आहे.’ दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पुढचे चार दिवस तो पाहुण्यासारखा जपून वागला. तिला आणखीच गुदमरलं.

‘स्पेस’ या शब्दाला माप नाही. किती वेळ, कशापासून, कुणापासून, हे वाचणाऱ्यानेच भरायचं, आणि घाबरलेला माणूस तिथे स्वतःचंच नाव भरतो. मग तो जास्त जवळ येऊ बघतो, तशी समोरची व्यक्ती आणखी मागे सरते. सुरुवात कशी होते यावरही बरंच ठरतं. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि सिबिल कारेर यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांचे वाद अभ्यासले होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या ३ मिनिटांवरूनच लग्न टिकेल की नाही, याचा बराच अंदाज बांधता आला.

दुसऱ्यांदा तिने रविवारी सकाळी, भांडण नसताना, कागदावर लिहिलं:

‘घरात शिरते तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नसतं. तेव्हा आईचा फोनही मी उचलत नाही. सव्वासात ते आठ मी आतल्या खोलीत पडेन. दार लोटलेलं असेल, कडी नसेल. आठला चहा मी टाकते. मग तुझ्या साहेबांची नक्कल करून दाखव. ती मला हवीच असते, फक्त चपला काढताना नको. पंधरा दिवस करून बघू. तुला काय जड जातंय तेही सांग.’

यात ‘तू फार चांगला आहेस, पण’ असं कुठे नाही. ते वाक्य वाचणारा फक्त ‘पण’ची वाट बघतो. आईच्या फोनवरून त्याला कळलं, की थकवा एकट्या त्याच्यावर रोखलेला नाही. आणि आठचा चहा म्हणजे परतीची वेळ. माझ्या मते पत्राचा सगळा भार या चहावर आहे. मनातून नातंच नको झालं असेल, तर मात्र असं पत्र लिहू नये. ती फसवणूक होईल.

तिसऱ्याच दिवशी तिला झोप लागली आणि ती नऊला उठली. तो बाहेर टीव्ही बंद करून बसला होता. ‘काही नाही’ म्हणाला. म्हणजे पहिल्या मेसेजची भीती परत आली होती.

आता ती आठचा गजर लावते. तो बाहेरही ऐकू जातो. बऱ्याचदा ती उठून येईपर्यंत त्यानेच आधण ठेवलेलं असतं.